‘शेवटच्या ४ जागा’ लिहायचंय? मग आधी जागा मोजा

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. पार्ल्यात आकाशकंदिलाचा वर्कशॉप होता, नऊ जागा रिकाम्या होत्या आणि मला झोप येत नव्हती. रात्री अकराला सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं, ‘शेवटच्या २ जागा!! घाई करा’. सकाळी एका ताईंचा मेसेज आला, ‘आम्ही सहा जणी आहोत, सासूबाई पण येतायत, जमेल का?’ आता सहा जणींचे पैसे कोण सोडणार, मी लगेच ‘हो हो जमेल ना’ टाईप करून मोकळी. दोन मिनिटांनी त्यांचा रिप्लाय आला, ‘मग रात्री दोनच उरल्यात असं का लिहिलं होतं?’

काय उत्तर देणार. दोघींनी कॅन्सल केलं म्हटलं असतं तरी दोनाच्या सहा कशा होतात ते सांगता आलं नसतं. त्या सहाही जणी आल्या, कंदील पण छान केले, पण त्यानंतर माझ्या कुठल्याच मेसेजवर त्या ताईंनी ‘जागा आहे का’ विचारलं नाही, नेहमी शेवटच्या दिवशी येतात, कारण त्यांना माहितीय की हिच्याकडे जागा असतेच. खोट्या घाईचं हे असं असतं, एकदा पकडलं की लोक उलट निवांत होतात.

तेव्हापासून मी जी पद्धत वापरते ती इथे सविस्तर लिहिते. उदाहरण २०२५ च्या आमच्या शाडूच्या गणपतीच्या वर्कशॉपचं घेते, दादरला होता, कारण त्यात घाईची खरी कारणं एवढी होती की खोटी शोधायची वेळच आली नाही.

आधी हे ठरवा की जागा नेमक्या कशामुळे संपतात

बहुतेक जण खुर्च्या मोजतात. हॉलवाला म्हणतो पंचवीस बसतील, की लिहिलं पंचवीस. पण शाडूच्या वर्कशॉपमध्ये माणूस बसतो तीन तास आणि मूर्ती बसते दोन आठवडे. ओली मूर्ती घेऊन दादर स्टेशनवरून फास्ट लोकल पकडणारा माणूस मी अजून पाहिला नाही, त्यामुळे मूर्त्या आमच्याकडेच वाळायला राहतात. हॉलच्या वरच्या खोलीत दोन रॅक आहेत, एकेकावर आठ मूर्त्या, मध्ये हवा खेळायला जागा सोडून. म्हणजे सोळा. टेबलं पाच असोत की सात, जागा सोळाच.

हे कळलं की दोन फायदे होतात. एक म्हणजे कोणी म्हणालं ‘अहो एकच वाढवा ना, खुर्ची मी घरून आणते’ तर तुमच्याकडे खरं उत्तर असतं, ताई खुर्ची आहे हो, मूर्ती ठेवायला फळी नाही. दुसरं म्हणजे हेच कारण तुम्ही जाहिरातीत लिहू शकता. ‘मर्यादित जागा’ हे शब्द लोकांचे डोळे गाळूनच टाकतात, पण ‘वाळवायच्या रॅकवर सोळाच मूर्त्या मावतात म्हणून सोळा जागा’ हे वाचून माणसाच्या डोळ्यासमोर रॅक येते. मग त्याला घाई करा असं सांगावं लागत नाही.

तुमचा वर्कशॉप वेगळा असेल तर कारण वेगळं असेल. मोदकाचा असेल तर शेगड्या किती, शिवणकामाचा असेल तर मशीन किती, लेखनाचा असेल तर एका दिवसात तुम्ही किती जणांचं लिखाण नीट वाचून त्यावर बोलू शकता. ऑनलाईन असेल आणि रेकॉर्डिंगच देणार असाल तर मात्र जागांची मर्यादा नाहीच, तिथे ‘शेवटच्या ५ सीट्स’ लिहिणं म्हणजे शुद्ध थाप.

मोजणी: बुक म्हणजे काय ते पक्कं करा

गडबड इथेच होते, आणि बरेचदा ती मुद्दाम नसते. कोणी म्हणतं ‘माझं नक्की हं’, आपण मनात एक जागा कमी करतो. अशा पाच ‘नक्की’ झाल्या की आपण प्रामाणिकपणे लिहितो फक्त तीन उरल्या, आणि प्रत्यक्षात आठ मोकळ्या असतात. मुंबईत ‘नक्की’ ला काही अर्थ नसतो हे आपल्याला सगळ्यांना माहितीय, तरी आपण फसतो.

म्हणून माझ्याकडे तीनच अवस्था आहेत. पैसे आले, म्हणजे बुक. ‘उद्या सकाळपर्यंत भरते’ म्हणाली तर होल्ड, तो चोवीस तासांचा, आणि हे तिला तेव्हाच लिहून सांगायचं, ‘ताई उद्या सकाळी अकरापर्यंत ठेवते, मग पुढच्याला देते’. बाकी सगळी चौकशी. चौकशीने जागा कमी होत नाही, कितीही गोड बोलून केली असली तरी.

हे सगळं एका साध्या गुगल शीटमध्ये. पहिल्या कॉलममध्ये नाव, दुसऱ्यात अवस्था, म्हणजे बुक असेल तर PAID आणि होल्ड असेल तर HOLD, तिसऱ्यात होल्ड कधी संपतो ती वेळ. आणि वर एका सेलमध्ये हा फॉर्म्युला:

```
=16-COUNTIF(B2:B100,"PAID")-COUNTIF(B2:B100,"HOLD")
```

यात दोन ठिकाणी हमखास फसायला होतं. पहिलं, एक ओळ म्हणजे एक जागा, एक माणूस नाही. एकीने स्वतःसाठी, जाऊबाईंसाठी आणि मुलीसाठी मिळून तीन जागा भरल्या तर तीन ओळी लिहायच्या, नाहीतर शीट म्हणणार एकच गेली. (आई आणि मुलगा मिळून एकच मूर्ती करणार असतील तर आमच्याकडे ती एक जागा, कारण रॅकवर एकच मूर्ती येते.) दुसरं, टाईप करताना शब्दापुढे चुकून स्पेस पडली की ती ओळ मोजलीच जात नाही आणि शीट एक जागा जास्त दाखवते, म्हणून अवस्थेच्या कॉलमला ड्रॉपडाऊन लावा आणि हाताने टाईप करूच नका. आकडा विचित्र वाटला तर बँकेच्या मेसेजमधल्या रकमा आणि PAID च्या ओळी जुळवून बघा, पाच मिनिटांचं काम आहे.

खऱ्या डेडलाईन शोधा, त्या असतातच

२०२५ ला गणेश चतुर्थी होती २७ ऑगस्टला, बुधवारी. तिथून मागे मोजत आलो. मूर्ती रंगवून घरी न्यायची तर शेवटचा रविवार २४ ऑगस्ट. शाडूला मुंबईच्या पावसाळी हवेत वाळायला आठ-दहा दिवस सहज लागतात, वरून कोरडी दिसली तरी आत ओल असते, आणि ओलीवर रंग दिला की डाग येतात नाहीतर पापुद्रा निघतो. म्हणजे मूर्ती बनवायचा शेवटचा सुरक्षित रविवार १० ऑगस्ट. १७ ला केली तर रंगवायच्या आधी वाळायला सातच दिवस मिळतात, आणि त्या वर्षी १८-१९ ऑगस्टला मुंबईत काय पाऊस पडला ते आठवत असेलच, त्या दमट हवेत सात दिवसांत काय वाळणार होतं.

आम्ही मूर्ती ३ ऑगस्टला आणि रंगकाम १७ ला ठेवलं. मातीची ऑर्डर एकगठ्ठा द्यायची शेवटची तारीख होती गुरुवार २४ जुलै. त्यानंतर कोणी आलं तर त्यांच्यापुरती माती आणि पाट मला किरकोळीत आणावे लागणार, ते महाग पडतात. म्हणून फी १,४०० रुपये, आणि २४ तारखेनंतर १,५५०. हे दीडशे रुपये कुठून आले ते मी पहिल्याच मेसेजमध्ये लिहिलं होतं. ‘अर्ली बर्ड’ नावाची सूट मला मुळीच आवडत नाही कारण बहुतेक ठिकाणी तो पक्षी वर्कशॉपच्या आदल्या रात्रीपर्यंत अर्लीच असतो. भाव वाढायची तारीख ठरवली तर त्या तारखेला भाव वाढलाच पाहिजे, अगदी मावशीच्या मैत्रिणीला सुद्धा. जर एखाद्याला जुन्या भावात घ्यायचंच असेल तर स्वतःच्या खिशातून घाला, पण ‘लोकाग्रहास्तव मुदत वाढवली’ लिहू नका, कारण मुदतीत पैसे भरलेली प्रत्येक जण ते वाचते आणि पुढच्या वेळी थांबते.

वेबसाईटवर उलटं मोजणारं घड्याळ लावतात त्याबद्दल पण इथेच सांगते. ते एखाद्या खऱ्या तारखेला बांधलेलं असेल तर हरकत नाही. पण पेज परत उघडलं की पुन्हा पंधरा मिनिटांपासून सुरू होणारं घड्याळ लावून देणारे लोक असतात, ते लावू नका. आणि हे फक्त नीतीचं नाही, कायद्याचं पण आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला डार्क पॅटर्न्सविरुद्ध, म्हणजे ग्राहकाला फसवून पैसे भरायला लावणाऱ्या युक्त्यांविरुद्ध, मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात १३ प्रकार दिलेत आणि त्यातला एक आहे फॉल्स अर्जन्सी, म्हणजे माल किंवा जागा आहेत त्यापेक्षा कमी दाखवणं, किंवा नसलेली मागणी दाखवून माणसाला लगेच पैसे भरायला लावणं. ‘आत्ता ३० जण हेच बघतायत’ हा प्रकार यातच येतो. आणि ही तत्त्वं फक्त मोठ्या ॲपवाल्यांसाठी नाहीत, विक्रेते आणि जाहिरात करणारे पण त्यात येतात.

मेसेज कसा लिहायचा

आमची घोषणा १२ जुलैला, शनिवारी गेली, आधी जुन्या विद्यार्थिनींच्या ब्रॉडकास्टवर. (ब्रॉडकास्ट त्यांनाच पोचतो ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय, त्यामुळे वर्कशॉप संपताना नंबर सेव्ह करायला सांगत जा.) त्यात एकूण जागा, रॅकचं कारण, मातीची तारीख, भाव कधी आणि का वाढणार, आणि दुसऱ्या बॅचबद्दल जे खरं होतं ते. ‘किती उरल्या’ हे लिहिलंच नाही, सोळापैकी सोळा उरल्या होत्या, काय लिहिणार.

आकडा मी तेव्हाच सांगते जेव्हा निम्म्याहून जास्त गेलेल्या असतात, आणि सांगितला की तारीख-वेळेसकट सांगते. १९ जुलैचा मेसेज असा होता:

‘नमस्कार, शाडू गणपती, ३ ऑगस्ट, दादर. १९ जुलै रात्री ९ वाजताची स्थिती: १६ पैकी १० बुक, २ होल्डवर (उद्या रात्रीपर्यंत), ४ मोकळ्या. गुरुवारी २४ ला मातीची ऑर्डर जाते, तोपर्यंत १,४००, नंतर १,५५०. बुक करण्याआधी जागा आहे का ते विचारून घ्या, मगच पैसे पाठवा.’

वेळ का लिहायची, तर आपल्या ग्रुपवर मेसेज मरत नाही. कोणीतरी तो चार दिवसांनी डोंबिवलीच्या मंडळात फॉरवर्ड करतं आणि तिथून एखादी ‘४ जागा आहेत ना?’ म्हणत सरळ पैसे पाठवते, आणि तोवर जागा संपलेल्या असतात. फॉरवर्ड झालेलं तुम्ही डिलीट पण करू शकत नाही. वेळ लिहिली असेल तर मेसेज जुना झाला तरी खोटा होत नाही. याच कारणाने पोस्टरवर उरलेल्या जागांचा आकडा कधीच छापू नका, पोस्टरवर फक्त न बदलणाऱ्या गोष्टी, म्हणजे एकूण जागा आणि तारखा. उरलेल्यांचा आकडा मेसेजच्या मजकुरात.

होल्ड वेगळे का सांगायचे ते दुसऱ्या दिवशी कळलं. दोन होल्डपैकी एकीने पैसे भरले, दुसरीचा फोनच लागेना, तिची जागा सुटली. म्हणजे मोकळ्या झाल्या पाच. तेवढ्यात मेसेज वाचून दोघींनी भरले, उरल्या तीन. आता बघा, आदल्या दिवशी मी ‘फक्त ४’ एवढंच लिहिलं असतं आणि मध्येच कोणी विचारल्यावर पाच सांगितल्या असत्या तर तिला वाटणार की ही रोज आकडे बनवते. होल्ड आधीच लिहिले होते म्हणून ‘एक होल्ड सुटला’ एवढं पुरलं. आकडा वर जाणार असेल तर तो वर गेलेलाच सांगायचा. लोकांना त्याचं काही वाटत नाही, उलट खाली जातो तेव्हाचाही खरा वाटतो.

किती वेळा पाठवायचं? आम्ही चारदा पाठवला: घोषणा, मग १९ चा, २३ ला ‘उद्या माती’, आणि शेवटी ‘भरलं’. हा शेवटचा बरेच जण पाठवतच नाहीत, आणि मला वाटतं सगळ्यात जास्त काम तोच करतो. ‘भरलं, धन्यवाद, वेटिंगसाठी नाव द्या’ हे ज्यांनी एकदा वाचलंय त्या पुढच्या वेळी १२ तारखेलाच पैसे भरतात.

जागा भरतच नसतील तर

सोळातल्या पाचच भरल्यात आणि दहा दिवस राहिलेत, हे होतं, मला पण झालंय. इथेच बोटं शिवशिवतात ‘शेवटच्या काही जागा’ लिहायला. नका लिहू. अकरा जागा रिकाम्या असताना जागांची घाई नसतेच, पण दुसरी एक खरी घाई असते: आठ जण झाल्याशिवाय हॉलचं भाडं निघत नाही. तेच लिहा. ‘गुरुवार संध्याकाळपर्यंत आठ झाल्या तर करतोय, नाहीतर रद्द आणि पैसे त्याच दिवशी परत. सध्या पाच आहेत.’ हे लिहायला जीवावर येतं, इज्जत गेल्यासारखं वाटतं. पण ज्या पाच जणी आहेत त्यांना वर्कशॉप हवा असतो, त्याच मैत्रिणींना ओढून आणतात. आणि नाही झाल्या आठ तर खरंच रद्द करायचा, पाच जणींवर रडतखडत चालवायचा नाही, नाहीतर हा पण इशारा पोकळ ठरतो.

दुसरी बॅच आणि कॅन्सलेशन

‘या वर्षीची एकमेव बॅच’ असं लिहून आठ दिवसांनी दुसरी काढली की पहिल्या बॅचवाल्यांना फसवल्यासारखं वाटतं, आणि ते बरोबरच आहे, त्यातल्या कोणीतरी नातेवाईकाकडचं जेवण सोडून ती तारीख घेतलेली असते. म्हणून १२ जुलैलाच लिहिलं होतं: ‘सध्या एकच बॅच. वेटिंगला आठ नावं आली तर १० ऑगस्टला आठ जणींची दुसरी. १० नंतर नाही, मूर्ती वाळणार नाही.’ आठच का, तर १७ ऑगस्टपर्यंत आमच्या दोन्ही रॅकवर पहिल्या बॅचचे गणपती बसलेले असणार, आणि शेजारच्या खोलीत एकच रॅक मिळत होती.

२४ तारखेला पंधरा झाल्या होत्या, शेवटची जागा २६ ला गेली, १,५५० ने. मग वेटिंग सुरू झालं आणि नऊ नावं आली, दुसरी बॅच लागली, आठ जणी तिकडे गेल्या, नववीला स्पष्ट सांगितलं की आता फक्त कोणी गळलं तरच.

१ ऑगस्टला संध्याकाळी पहिल्या बॅचमधून एकीचा मेसेज आला, मुलाला ताप आहे, येता येणार नाही. माती आलेली होती त्यामुळे माझ्याकडून परतावा नव्हता, हे आधीच लिहिलेलं, पण जागा दुसऱ्याला देता येते हेही लिहिलेलं. अशा वेळी ग्रुपवर ‘अचानक १ जागा!!!’ टाकायचा मोह होतो, चांगला चालतो पण तो मेसेज. पण वेटिंगला एक बाई आठवडाभर बसलीय, आधी तिचा हक्क. म्हणून फक्त तिला लिहिलं, ‘ताई, परवाच्या बॅचमध्ये एक जागा सुटलीय. आज रात्री दहापर्यंत तुमच्यासाठी ठेवते, जमणार नसेल तरी कळवा म्हणजे ग्रुपवर टाकते.’

नऊ वाजून चाळीस मिनिटांनी तिचे पैसे आले, मी ते ताप असलेल्या मुलाच्या आईला पाठवले आणि ग्रुपवर काहीच टाकलं नाही.